सहावीतल्या पोरीचा संत्र्यावरचा प्रकल्प तपासायचाय, पण तिचा मूड न घालवता

मेघा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे, मराठी माध्यम. शाळेत 'आमच्या भागातील पीक' असा प्रकल्प दिलाय, तिनं संत्रा घेतला कारण माझं माहेर काटोलकडचं आणि दिवाळीत आम्ही भावाच्या बागेतच होतो. सगळं तिनं स्वतः लिहिलंय, चित्रं पण स्वतः काढली. आता कच्ची वही माझ्याकडे दिलीय तपासायला आणि मी अजून पेन लावलेला नाही, कारण मागच्या वेळी तिच्या बाबांनी लाल पेनानं सगळं पान रंगवलं होतं तर म्हणे मग तुम्हीच लिहून द्या ना.

दुसरा प्रॉब्लेम असा की मला वाचल्यावर चूक दिसते, बरोबर काय तेही माहिती असतं, पण का ते सांगता येत नाही, आणि ही पोरगी प्रत्येक गोष्टीला का विचारते. एक उतारा जसाच्या तसा देते:

"आम्ही दिवाळीच्या सुट्टीत काटोल जवळ मामाच्या बागे मध्ये गेलो. नागपुरची संत्री खुप प्रसिद्ध आहेत. त्याना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेत शेतकर्यानी झाडाना पाणि देऊन राहिले होते. मामानी सांगितलं कि बहार दोन असतात आंबिया आणी मृग. संत्र्याची मुळे जमीनीत खोल नसतात म्हणून पाणी साचले तर मुळे सडतात. संत्रा ओढून तोडायचा नाही देठा सकट कापायचा."

वरती मथळा आहे 'माझे निरिक्षण'. कुठून सुरू करू सांगा.

---

सईचे_पप्पा

ताई इतकं टेन्शन कशाला घेता, बर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, चित्रं चिकटवलेले, प्रस्तावना निष्कर्ष सगळं छापून. आम्ही सईला मागच्या वर्षी पाण्यावरचा आणला होता, फक्त नाव टाकायचं.

---

मेघा_मानेवाडा

दादा विकतचा नाही पाहिजे, तिनं लिहिलेलाच द्यायचाय. फक्त दुरुस्ती कशी करून घ्यायची ते विचारतेय.

---

खामलेकर

एकदम सोपं आहे, एकच नियम शिकवा. मराठीत शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर दीर्घ, मध्ये आला तर ह्रस्व. पाणी, गाडी, वाटी, लाडू. मधलं ह्रस्व, किडा, विळी, महिना. एवढं पाठ केलं की नव्वद टक्के चुका गेल्या, आमच्या सरांनी असंच शिकवलं होतं.

---

प्रूफवाली_ताई

खामलेकर, तुमचा अर्धा नियम पक्का आहे, शेवटी दीर्घ. मधल्या अर्ध्यात मात्र गडबड आहे, कारण तुमच्या हिशोबानं पोरीनं लिहिलेलं 'खुप' बरोबर ठरेल. त्यावर खाली येते.

मेघाताई, मी बरीच वर्षं पुस्तकांची प्रूफं वाचली आणि आता घरी मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी पेन बाजूला ठेवा आणि चुका मोजायच्या ऐवजी प्रत्येक चूक कुठून आली ते बघा. या उताऱ्यातल्या बऱ्याच चुका चुका नाहीतच, ते हिंदीचे नियम आहेत. नागपूरच्या पोरांना आजूबाजूला चोवीस तास हिंदी आहे आणि पाचवीपासून हिंदीचं पुस्तकही आहे. हिंदीत 'नागपुर' ह्रस्वच लिहितात. हिंदीत 'उसने कहा कि' मधला कि ह्रस्वच असतो. हिंदीत 'बाग में', 'पेड़ पर' असं सुटं लिहितात, म्हणून हिनं 'बागे मध्ये' सुटं लिहिलं. तेव्हा 'हे चुकलं' असं म्हणायचंच नाही, म्हणायचं 'हे तू हिंदीच्या पेपरात लिहिलं असतंस तर बरोबर होतं, मराठीचा नियम वेगळा आहे'. यात खोटी समजूत काढणं काही नाही, हे खरंच तसं आहे, आणि मूल पण लगेच ऐकतं कारण त्याला मूर्ख ठरवलेलं नसतं.

आता सुटं-जोडून. तिला सांगा, मध्ये, वर, साठी, जवळ, सकट हे बोटानं झाक आणि उरलेला शब्द एकटा वाच. 'बागे' असा काही शब्द आहे का? 'देठा' आहे का? बाग आहे, देठ आहे, पण बागे आणि देठा नाही. म्हणजे हा शब्द पुढच्याला धरण्यासाठीच वाकलाय, त्याला सोडलं तर तो पडेल, म्हणून जोडून लिहायचं. बागेमध्ये, देठासकट.

ही परीक्षा एका ठिकाणी फसते, ते आधीच सांगून ठेवते कारण तुमची लेक विचारणारच. 'काटोल जवळ' मधला जवळ झाकला तर 'काटोल' उरतो आणि तो तर पूर्ण शब्द आहे. गावांच्या नावांना बरेचदा वाकावं लागत नाही. तरी नियम तोच, काटोलजवळ, नागपूरमध्ये, जोडूनच. बाग वाकून जोडते, काटोल न वाकता जोडतो.

खुणा कशा करायच्या: चुकीच्या शब्दाला गोल करायचा नाही. त्या ओळीच्या समोर समासात शिसपेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा. ओळीत दोन चुका तर दोन ठिपके. शब्द तिनं शोधायचा. आणि एका बैठकीत एकाच जातीच्या चुका, आज फक्त सुटं-जोडून, बाकी कितीही दिसलं तरी गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, मुलासाठी नाही, आपल्यासाठी.

---

हेडक्लार्क_निवृत्त

ताईंचे म्हणणे योग्य आहे परंतु प्रकल्प हा अहवाल असतो, त्याला कार्यालयीन भाषा हवी. उदा. 'माहिती मिळविणेसाठी बागेस भेट देणेत आली'. मुलांना लहानपणापासून अशी सवय लावणे आवश्यक आहे. माझ्या नातवाचा प्रकल्प मी असाच करून दिला, सर्वांनी कौतुक केले.

---

प्रूफवाली_ताई

काका, आदर ठेवून सांगते, 'मिळविणेसाठी' आणि 'देणेत आली' हे फायलींत चालतं पण लेखननियमात बसत नाही. शेवटी ए असलेल्या नामाला पुढे काही लागलं की त्याचा 'या' होतो, फडके - फडक्याने, तसंच करणे - करण्यासाठी, मिळवणे - मिळवण्यासाठी. 'फडकेने पुसलं' असं आपण कुणी म्हणत नाही ना. सहावीतल्या मुलीला 'आम्ही बागेला भेट दिली' एवढं पुरे आहे, भेट दिली कुणी ते तरी कळतं.

---

हेडक्लार्क_निवृत्त

परिपत्रकांमध्ये आजही 'करणेबाबत' असेच असते. असो.

---

मेघा_मानेवाडा

ताई ठिपक्याचं भारी चाललं! तिला तो खेळ वाटला, पेन्सिल घेऊन शोधत बसली. 'देठा सकट' लगेच सापडलं, 'काटोल जवळ' ला अडली, मग मी तुम्ही सांगितलं तसं सांगितलं. वरून तिनंच वहीच्या मागच्या पानावरचं 'पाना वर' पण शोधून जोडलं, ते मी पाहिलंच नव्हतं.

पण आता ती नागपूरवर अडून बसलीय. मी म्हटलं पू दीर्घ, तर तिनं मला पाठ्यपुस्तकातलं 'नागपुरात' दाखवलं, तिथं पु ह्रस्व आहे. म्हणे पुस्तकवाल्यांनी पण चूक केली का. काय सांगू?

---

प्रूफवाली_ताई

पुस्तक बरोबर आहे आणि तुम्ही पण बरोबर आहात. खामलेकरांचा राहिलेला अर्धा नियम इथंच येतो.

बघायचं ते शेवटच्या अक्षराकडे. शेवटचं अक्षर नुसतं असेल, काना नाही मात्रा नाही, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. खूप, फूल, मूल, मूळ, गरीब, जमीन, बहीण, नागपूर. त्या शेवटच्या अक्षराला काही चिकटलं की आधीचं आखडतं. फूल पण फुलात, मूळ पण मुळे, जमीन पण जमिनीत, बहीण पण बहिणीला. नागपूरच्या र ला काना मिळाला, नागपुरात, झालं ह्रस्व. र ला वेलांटी मिळाली, नागपुरी, पुन्हा ह्रस्व. पण 'नागपूरची' मध्ये र ला काही मिळालंय का? नाही, र आहे तसाच उभा आहे आणि 'ची' नुसती शेजारी येऊन बसली, म्हणून पू दीर्घच राहिला. वर काटोलचं सांगितलं ना, न वाकता जोडणारं, तीच गोष्ट.

तिला तिच्याच उताऱ्यातून दोन शब्द द्या, 'मुळे' आणि 'जमीनीत'. मुळे तिनं बरोबर लिहिलंय, जमीनीत चुकलंय, दोन्हीला एकच नियम आहे. 'मुळे मध्ये तुला हा नियम आधीच येत होता' असं म्हणा आणि जमीनीतचं तिला करू द्या. मुलानं जे बरोबर लिहिलंय त्यातूनच नियम काढता आला तर पुढचं समजवावं लागत नाही.

मोठ्यानं वाचून ह्रस्व-दीर्घ ओळखायला मात्र लावू नका. आपण बोलताना इतका फरक करतच नाही, कान फसवतो. डोळ्यानं शेवटचं अक्षर बघायचं.

---

खामलेकर

मग परीक्षा? शेवटी क्षा आहे, काना आहे, तरी री दीर्घ. आणि शरीर - शरीरात? आखडलं नाही.

---

प्रूफवाली_ताई

बरोब्बर पकडलंत. संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, ते आपली मूळ वेलांटी घेऊनच फिरतात. शरीर - शरीरात, गीत - गीतात. उलट बाजूनं गुण, विष, मंदिर, गणित, यांचं शेवटचं अक्षर नुसतं आहे तरी आधीचं ह्रस्व. कोणता शब्द संस्कृतातून आलाय हे सहावीतल्या मुलानं कसं ओळखावं याला सोपी युक्ती नाही, शब्दकोश बघायचा आणि वहीच्या मागे यादी करायची. पण एक कुटुंब एकदम शिकवता येतं आणि ते मेघाताईंच्या मथळ्यातच बसलंय, 'निरिक्षण'.

ईक्षण म्हणजे पाहणं, त्यातला ई मुळातच दीर्घ. निर् ला ईक्षण जोडलं की निरीक्षण. परि ला ईक्षा, परीक्षा. समीक्षा, प्रतीक्षा याच घरातल्या. पण 'परिसर' मध्ये ईक्षा नाही, तिथं परि एकटाच आहे म्हणून ह्रस्व. प्रकल्पात हे दोन्ही शब्द हमखास येतात, परिसर आणि निरीक्षण, म्हणून शेजारी शेजारी लिहून दाखवा. ती हुशार दिसतेय, ती विचारेल मग शिक्षण का नाही शीक्षण. शिक्षणात ईक्षण नाहीये, ते शिकण्यातलं शिक्ष् आहे, नुसता यमक जुळतोय.

---

तात्या_महाल

चर्चा वाचून आनंद वाटला. परंतु कुणी मुलांना 'नांव', 'कांही', 'कधीं' यांवरील अनुस्वार का शिकवीत नाहीं? आमच्या वेळीं मास्तर छडी घेऊन उभे असत. मेघाबाईंनी 'नाव' हें अनुस्वाराशिवाय लिहूं देऊं नये.

---

प्रूफवाली_ताई

तात्या, तुमच्या शाळेत ते बरोबरच होतं. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आता शाळेत नाव, काही, कधी असंच लिहायचं. आजी-आजोबांनी वही तपासली की हे टिंब परत येतात आणि मूल गोंधळतं, तेव्हा मेघाताई, घरात कुणी मोठं असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

पण टिंबावरून आठवलं, या उताऱ्यात जी टिंबं खरंच राहिलीत ती वेगळी आहेत. झाडाना, त्याना, शेतकर्यानी. नियम असा की एकाहून जास्त असतील आणि पुढे काही जोडलं असेल तर जोडाच्या आधी टिंब. झाडाला एक, झाडांना अनेक. मुलांसाठी याहून सोपं, 'ना' किंवा 'नी' जोडलेलं दिसलं की आधी टिंब आहे का बघ, कारण एकाला ला आणि ने लागतं, अनेकांना ना आणि नी.

मग 'मामानी' चं काय, मामा तर एकच आहे. तिला विचारा, घरी तू 'मामा आला' म्हणतेस का 'मामा आले'. आले म्हणत असेल तर मान देतेय, मान दिला की एकाचेही अनेक होतात, मामांनी सांगितले. आला म्हणत असेल तर मामाने सांगितले, टिंब नको. दोन्ही चालतं पण पूर्ण प्रकल्पात एकच ठेवायचं.

---

मेघा_मानेवाडा

'मामा आला'च म्हणते हो ती, चांगला गळ्यात पडते त्याच्या 😄 पण प्रकल्पात मामांनी करते म्हणाली, मॅडम वाचणार म्हणून.

शेतकऱ्यांचं वाक्य मात्र मला पण नीट लावता येत नाहीये. शेतकऱ्यांनी पाणी देऊन राहिले होते, यात टिंब दिलं तरी काहीतरी खटकतं.

---

काटोलकर_पोट्टा

थांबा थांबा ह्या वाक्यावर मी बोलतो. 'देऊन राहिले होते' ले चूक म्हणू नका बाप्पा! आपल्याकडं असंच बोलतात, जाऊन राहिलो, खाऊन राहिला. पुण्याकडचे देत होते म्हणतात म्हणून आपलं गावठी झालं काय? पोरीले लाज वाटल आपल्या बोलीची असं काही करू नका.

---

प्रूफवाली_ताई

पोट्टेभाऊ, मी पण वर्धेची आहे, घरी मी पण 'येऊन राहिली' च म्हणते. चूक नाहीच ते. पण शाळेचा अहवाल प्रमाण भाषेत मागितलाय, तिथं 'देत होते'. मी मुलांना असं सांगते की बोलीत बोलणाऱ्याचं वाक्य असेल तर ते अवतरणात जसंच्या तसं ठेवायचं, आणि आपण स्वतः सांगत असू तर प्रमाण. मेघाताई, बागेत कामाला असलेल्या कुणी काही सांगितलं होतं का? असेल तर ते त्यांच्याच शब्दांत लिहायला लावा. "पाणी जास्त झालं त मुळं सडून जाते" असं कुणी म्हटलं असेल तर त्यातला 'त' दुरुस्त करायचा नाही, त्यांचं बोलणं आपण बदलायचं नसतं. मग पोरीला दोन्ही भाषा वहीत दिसतात आणि कोणती कुठं ते आपोआप कळतं.

आता खटकतंय ते. 'नी' कधी लागतो? काम झालेलं असेल आणि कशाचं तरी केलेलं असेल तेव्हा. शेतकऱ्यांनी पाणी दिले. इथं 'दिले' कुणाकडे बघतंय, पाण्याकडे. आंबे म्हटलं तर आंबे दिले, साखर म्हटलं तर साखर दिली. पण काम चालू असेल तर क्रियापद करणाऱ्याकडे बघतं आणि 'नी' गळतो, शेतकरी पाणी देत होते, बाई पाणी देत होती. तिनं सुरुवात एका वाक्याची केली आणि शेवट दुसऱ्याचा, एवढंच झालंय. दोन्ही वाक्यं पूर्ण करून तिच्यासमोर ठेवा आणि तुला बागेत काय दिसलं, काम संपलेलं का चालू, असं विचारा. ती बरोबर निवडेल.

---

काटोलकर_पोट्टा

हे अवतरणाचं पटलं. माझी पण बाग आहे म्हणून एक माहितीचं सांगतो, ताई लोक भाषेतच गुंतले. पोरीनं दोन बहार लिहिले ते बरोबर, पण दिवाळीत जो माल तिनं तुटताना पाहिला तो आंबियाचा. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीकडं येतात. मृगाची फुलं पावसाच्या सुरुवातीले, तो माल फेब्रुवारी-मार्चकडं निघतो. हे एक वाक्य टाकलं त मॅडम विचारतील तेव्हा उत्तर तयार. आणि देठासकट कापायचं का ते पण लिहा म्हणा, ओढून तोडलं त देठाजवळची साल फाटते आन तिथून फळ सडते. कारण नाही लिहिलं त नुसती सूचना वाटते.

---

प्रूफवाली_ताई

बघा, हे भाषेपेक्षा मोठं आहे आणि माझ्याकडून राहून गेलं असतं. यातूनच अजून एक निघतं. 'माझे निरीक्षण' या मथळ्याखाली तिनं जे पाहिलं तेवढंच यायला पाहिजे. मुळं खोल नसतात हे तिनं पाहिलं का? कुणी खणून तर दाखवलं नसणार, मामांनी सांगितलं असेल. २०१४ चं मानांकन तर बागेत दिसतच नाही. तेव्हा पाहिलेलं एकीकडे, 'मामांनी सांगितले' आणि 'वाचले' दुसरीकडे 'मिळवलेली माहिती' म्हणून. तिला तिन्ही रंगांच्या पेन्सिली द्या आणि प्रत्येक वाक्याखाली रेघ मारू द्या, पाहिलं, ऐकलं, वाचलं. माझ्या शिकवणीतली मुलं हे करताना भांडतात, कारण काही वाक्यं अर्धी पाहिलेली अर्धी ऐकलेली निघतात. 'पाणी साचले तर मुळे सडतात' हे तसंच आहे, साचलेलं पाणी दिसलं असेल, सडणं नाही. अशी वाक्यं तोडून दोन करायची.

---

सईचे_पप्पा

विकतच्या प्रकल्पात निरीक्षण ह्रस्वच छापलंय, आत्ता काढून बघितलं. आता काय करू, जमा पण झाला तो 🙈

---

मेघा_मानेवाडा

अपडेट देते. रंगाच्या रेघांवरून आमच्याकडे पण भांडण झालं, आणि ते खणण्याचं तर तिनं खरंच पाहिलं होतं म्हणे, भावानं एक वाळलेलं झाड काढलं होतं तेव्हा मुळं दाखवली होती! मला माहितीच नव्हतं. म्हणजे ते वाक्य निरीक्षणातच राहिलं, फक्त 'वाळलेले झाड काढले तेव्हा मुळे वरवर पसरलेली दिसली' असं तिनंच बदललं. आता किती छान झालंय.

सध्या हा उतारा असा आहे, जसाच्या तसा देते, तिनंच लिहिलाय:

"दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काटोलजवळ मामांच्या बागेमध्ये गेलो. बागेत शेतकरी झाडांना पाणी देत होते. तेव्हा आंबिया बहाराचा संत्रा तोडणे चालू होते. संत्रा ओढून न तोडता देठासकट कापत होते. ओढला तर साल फाटते आणि फळ सडते असे मामांनी सांगितले. एक वाळलेले झाड काढले तेव्हा मुळे वरवर पसरलेली दिसली, जमिनीत फार खोल नव्हती."

'आणी' चं 'आणि' मी सांगितलं नाही, तिनंच विचारलं की शेवटचं दीर्घ तर मग पुस्तकात आणि ह्रस्व का. मी म्हटलं तो एक हट्टी शब्द आहे, बरोबर ना? आणि सांगितलं-सांगितले पण तिनं सगळीकडे ले केलं.

---

प्रूफवाली_ताई

बरोबर, 'आणि' आणि त्याचाच धाकटा 'नि' हे अपवाद. 'की' मात्र नियमातच बसतो, एकाक्षरी शब्द दीर्घ, मी, ती, तू, की. पाहिजे तर मागच्या पानावर दोन रकाने करून द्या, एकात हिंदी कि, दुसऱ्यात मराठी की.

उतारा छान उतरलाय. मी फक्त एकाच ठिकाणी ठिपका देईन, 'कापत होते' कोण ते वाक्यात नाही. आणि संत्रा, हं, त्यावर मी आधी काही बोलले नाही.

---

खामलेकर

तेच विचारणार होतो. प्रमाण मराठीत ते संत्रे, नपुंसकलिंगी, अनेकवचन संत्री. 'संत्रा कापायचा' हे चूक आहे. आणि हिच्या पहिल्या उताऱ्यात 'संत्री प्रसिद्ध आहेत' पण होतं, म्हणजे एकदा संत्री एकदा संत्रा.

---

काटोलकर_पोट्टा

संत्रा पुल्लिंगीच! एक संत्रा दोन संत्रे. ज्यांच्याकडं संत्र्याची बागच नाही ते आम्हाले लिंग शिकवणार काय 😂 मंडीत जाऊन संत्रं म्हणा, गाडीवाला हसल.

---

प्रूफवाली_ताई

शब्दकोशात दोन्ही सापडतील, विदर्भात लिहितानाही संत्रा सर्रास चालतो. माझं मत असं की नागपूरच्या मुलीनं नागपूरच्या पिकावर लिहिताना संत्रा ठेवावा, पण सगळीकडे तोच, मग संत्री प्रसिद्ध आहेत च्या जागी संत्रा प्रसिद्ध आहे. तिच्या मॅडमना पटेल का ते मला सांगता येणार नाही.

---

खामलेकर

मार्क कापले तर?

---

मेघा_मानेवाडा

तिला विचारलं, ती म्हणे संत्राच ठेवणार, मॅडम काय म्हणतील ते बघू.

अजून एक, मुखपृष्ठ टाईप करून हवंय आणि माझ्या फोनवर शेतकऱ्यांनी टाईप केलं की र चा रफार होऊन य वर जातो, शेतकर्यांनी असं दिसतं. वहीत तिनं पण तसंच लिहिलं होतं. हातानं तर काढता येतं, फोनवर कसं आणायचं?

---

प्रूफवाली_ताई

मूळ शब्दाच्या शेवटी री, रा, रे असेल तर तो आडवा र, शेतकरी - शेतकऱ्यांनी, दुसरा - दुसऱ्या, वारा - वाऱ्यावर. सूर्य, कार्य, आचार्य यांना रफार. पोरीला दऱ्या आणि दर्या लिहून दाखवा, एक डोंगरातल्या दरीच्या, एक समुद्र, लगेच कळेल. फोनवर साधा र नाही घ्यायचा, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, र वर बोट दाबून धरलं की बहुतेक कीबोर्डवर तो वर येतो, मग हलन्त, मग य.

---

मेघा_मानेवाडा

आला! शेतकऱ्यांनी. थँक्यू ताई, आता 'कापत होते' कोण ते तिच्याकडून शोधून घेते.